घर तारण ठेवून व्यवसायासाठी घेतलेले कर्ज : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

खोकी बनवण्याच्या आमच्या छोट्या कारखान्यासाठी एक कटिंग यंत्र आणि कच्च्या मालासाठी खेळते भांडवल हवे होते, म्हणून राहता फ्लॅट तारण ठेवून एका बँकेकडून मालमत्ता तारण कर्ज घेतले. त्याला आता वर्षाहून अधिक काळ झाला आहे. व्याजदर, प्रक्रिया शुल्क, कागदपत्रे यांची माहिती कुठेही मिळते. कर्जाची रक्कम नेमकी कशी ठरते आणि ती रक्कम ठरताना घरावर किती जोखीम चढते, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळाले नाही, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

आमच्याच इमारतीतला तेवढाच एक फ्लॅट ६० लाखांना गेल्याचे सर्वांना माहीत होते. त्यावर ६० टक्के धरले तर ३६ लाख मिळायला हवेत, असा घरातला हिशेब होता. बँकेने पाठवलेल्या मूल्यांकनकाराचा अहवाल मात्र ४८ लाखांचा आला, आणि तो का आला हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी प्रत्येक खोलीचे माप घेतले, चतुःसीमा तपासल्या आणि मंजूर बांधकाम नकाशा हातात धरून एकेक भिंत पाहिली. दिवाणखान्यात घेतलेली बाल्कनी मोजमापात धरली तर आमचे क्षेत्र ६५० चौरस फूट भरते. नकाशात आणि करारनाम्यात चटई क्षेत्र ६०० आहे. हिशेबात ६००च आले, कारण नकाशात नसलेल्या बांधकामाला बँक किंमत देत नाही. शेजारच्या व्यवहाराचेही त्यांनी नोंदणीकृत खरेदीखत पाहिले. त्यात ५४ लाख होते; उरलेली रक्कम फर्निचरची होती. म्हणजे दर निघाला चौरस फुटाला ९,०००. तो फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आमचा तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून ५०० वजा. त्याच्या आतल्या कामाची स्थिती आमच्यापेक्षा चांगली, म्हणून आणखी ५०० वजा. ८,००० गुणिले ६०० म्हणजे ४८ लाख.

अहवालात आणखी दोन आकडे होते. वसूल होण्याजोगे मूल्य सुमारे ४३ लाख आणि सक्तीच्या विक्रीचे मूल्य सुमारे ३८ लाख. अर्जदाराने सर्वांत आधी हा शेवटचा आकडा वाचावा, असे माझे ठाम मत आहे. आपण घराकडे राहण्याची जागा म्हणून पाहतो; मूल्यांकनकार मात्र, हप्ते थांबले तर घाईत विकून काय हाती लागेल, या प्रश्नाचे उत्तर बँकेसाठी लिहीत असतो. अहवालाची प्रत आपणहून दिली जातेच असे नाही. आम्ही ती लेखी मागून घेतली.

राहत्या घरावर बँका साधारणपणे मूल्याच्या ५० ते ७० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. आमच्या बाबतीत ६० टक्के धरले, म्हणजे कमाल २८ लाख ८० हजार. मात्र ही केवळ तारणाची मर्यादा झाली. उत्पन्नाची मर्यादा वेगळी असते आणि दोन्हींपैकी जी कमी ती लागू होते. विवरणपत्रांवरून आमचे मासिक उत्पन्न ८०,००० धरले गेले. त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालतात. वाहनकर्जाचा १०,०००चा हप्ता आधीच होता, म्हणून नव्या कर्जासाठी ३०,००० उरले. साडेदहा टक्के दराने दहा वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात सुमारे २२ लाख बसतात.

येथे बँकेच्या अधिकाऱ्यांनी मुदत पंधरा वर्षे करण्याचा प्रस्ताव ठेवला. तसे केले की त्याच हप्त्यात २७ लाख बसतात. प्रस्ताव नियमाला धरून होता आणि आकर्षकही होता. पण २७ लाखांवर पंधरा वर्षांत एकूण व्याज सुमारे २६ लाख ७० हजार होते. आम्ही दहा वर्षांसाठी २० लाख घेतले. त्यावर दर स्थिर राहिला तर व्याज सुमारे १२ लाख ४० हजार होते. यंत्र नवे न घेता जुने घेतल्यामुळे ही रक्कम पुरली.

फरक केवळ व्याजाचा नाही. समजा दोन वर्षांनी धंदा बसला. २० लाखांच्या कर्जावर तेव्हा साधारण साडेसतरा लाख मुद्दल बाकी असेल. २७ लाखांवर सव्वापंचवीस लाखांहून थोडे अधिक. वसुली पूर्ण होईपर्यंत चढणारे व्याज आणि खर्च म्हणून दोन्हींत अडीच लाख मिळवा. घर ३८ लाखांनाच गेले, तर पहिल्या बाबतीत कुटुंबाच्या हाती १८ लाख उरतात, दुसऱ्यात जेमतेम १० लाख. कायद्याने वरची रक्कम कर्जदाराला परत मिळते हे खरे. पण लिलावाला बोलीदार आला नाही तर राखीव किंमत खाली येते, आणि प्रत्येक घसरण कुटुंबाच्या वाट्यातून जाते. विक्रीतून कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कमही बँक मागू शकते.

जप्तीपर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे धंदेवाइकाने नीट समजून घ्यावे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. मग ताबा आणि विक्रीची ३० दिवसांची नोटीस. या टप्प्यांसाठी बँकेला दिवाणी न्यायालयाच्या निकालाची गरज नसते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराने ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे असते. खाते एकदा अनुत्पादक झाले, की एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते.

आमच्या धंद्यात ग्राहक बिलाचे पैसे ६० ते ९० दिवसांनी देतात. म्हणजे दोन मोठ्या ग्राहकांनी नेहमीपेक्षा थोडा अधिक उशीर केला, तरी त्या ९० दिवसांच्या सीमेजवळ आम्ही पोहोचू शकतो. म्हणून कर्जाच्या रकमेतलेच तीन हप्त्यांचे पैसे वेगळ्या ठेवीत ठेवले आहेत. पावसाळ्यात मागणी मंदावली तेव्हा त्यातून एक हप्ता गेला आणि पुढच्या महिन्यात तो भरून काढला.

गेल्या वर्षभरात सव्वातीन लाखांच्या आसपास भरले, आणि मुद्दल कमी झाले एक लाख वीस हजारांनीच. सुरुवातीच्या वर्षांत हे असेच असते, तरी खात्याचा उतारा पाहून पत्नीला धक्का बसला. घर दोघांच्या नावावर असल्याने ती सहकर्जदार आहे. सही करण्याआधी तिने संपूर्ण तारणनामा वाचला, आणि त्यामुळेच एक कलम आमच्या लक्षात आले. त्यानुसार हे घर केवळ या कर्जासाठी नव्हे, तर त्याच बँकेकडील आमच्या सद्य आणि भावी सर्व देण्यांसाठी तारण राहणार होते. विनंती केल्यावर भावी देण्यांचा उल्लेख वगळून मिळाला. नुकताच त्याच शाखेने कारखान्यासाठी ओव्हरड्राफ्ट देऊ केला, तेव्हा मंजुरीपत्राच्या मसुद्यात तारण म्हणून पुन्हा हेच घर दिसले. आम्ही तो ओव्हरड्राफ्ट नाकारला आणि कच्चा माल व येणी यांच्या तारणावर दुसऱ्या बँकेत अर्ज केला आहे.