१२० मिनिटे की १८० मिनिटे : ईटॉप्स मान्यता निवडताना

दोन इंजिनांचे विमान महासागरावरून नेऊ पाहणाऱ्या कंपनीला ईटॉप्सची, म्हणजे उतरता येईल अशा विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या अंतरापर्यंत दूर जाण्याची, १२० मिनिटांची मान्यता पुरेल की १८० मिनिटांचीच घ्यावी लागेल, हे नकाशावर अंतर मोजून ठरवता येते. मात्र मिनिटांचे अंतरात रूपांतर कसे होते, ते आधी समजून घ्यायला हवे. एक इंजिन बंद पडल्यावर विमान ज्या ठरावीक वेगाने जाईल असे कंपनी मंजूर करून घेते, त्या वेगाने, वारा नाही असे मानून, तेवढ्या मिनिटांत कापले जाणारे अंतर ही मर्यादा धरली जाते. हा वेग ४०० नॉट असेल, तर १२० मिनिटांना ८०० सागरी मैल आणि १८० मिनिटांना १२०० सागरी मैल मिळतात. या त्रिज्येची वर्तुळे अडचणीत उतरता येईल अशा पर्यायी विमानतळांभोवती काढली, की मार्ग त्यांच्या आत राहतो का, हे दिसते.

उत्तर अटलांटिकवर कॅनडातील गँडर, आइसलँडमधील केफ्लाविक, आयर्लंडमधील शॅनन आणि अझोर्स बेटांवरील लाजेस यांची वर्तुळे १२० मिनिटांतही बऱ्याच मार्गांना पुरतात. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू या सुमारे २०८० सागरी मैलांच्या मार्गावर मात्र मध्ये एकही विमानतळ नाही. मध्यबिंदूपासून दोन्ही टोके १०४० मैलांवर, म्हणजे १५६ मिनिटांवर आहेत. हवाईतील हिलो पर्यायी धरले तरी हा काळ १५० मिनिटांच्या आसपासच राहतो. त्यामुळे १९८५ मध्ये अमेरिकेत १२० मिनिटांना परवानगी मिळाली तरी हा मार्ग खुला झाला नाही, त्यासाठी १९८८ च्या १८० मिनिटांच्या नियमाची वाट पाहावी लागली.

इथे वाऱ्याचा प्रश्न हमखास निघतो. पश्चिमेकडून ५० नॉट वारा असेल, तर समान वेळेचा बिंदू, म्हणजे जिथून दोन्ही टोके सारख्याच वेळेवर असतात ती जागा, होनोलुलूच्या दिशेने १३० मैल सरकतो. मागे फिरल्यास ११७० मैल ४५० नॉटने आणि पुढे गेल्यास ९१० मैल ३५० नॉटने कापायचे, म्हणजे दोन्हीकडे पुन्हा १५६ मिनिटेच लागतात.

वेग जास्त ठरवून वर्तुळ मोठे करण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत इंधनात मोजावी लागते. समान वेळेच्या बिंदूवर इंजिन बंद पडणे, केबिनमधील दाब जाणे आणि दोन्ही एकदम होणे, असे तीन प्रसंग तपासावे लागतात, आणि दाब गेल्यावर १०,००० फुटांवरून उडताना खप खूप वाढतो.

१८० मिनिटांसाठी मालकक्षातील आग दाबून ठेवण्याची क्षमता १५ मिनिटे अधिक, म्हणजे १९५ मिनिटांची हवी. इंजिन हवेत बंद पडण्याचे प्रमाण १२० मिनिटांसाठी साधारण २०,००० इंजिन-तासांमागे एक चालते, तर १८० साठी ते ५०,००० तासांमागे एकवर आणावे लागते. माझ्या मते, केवळ अटलांटिकवर उडणाऱ्या कंपनीनेही हा भार उचलावा, कारण हवामानामुळे केफ्लाविक पर्यायांतून वगळावे लागले, तर १२० मिनिटांच्या विमानाला दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्यावा लागू शकतो.