जुन्या पगाराचं पुनर्मूल्यांकन: महागाईने की वेतनवाढीने?

सरासरी-पगार पेन्शनमध्ये दरवर्षीच्या पगाराचा ठरावीक हिस्सा, समजा साठावा, पेन्शन म्हणून जमा होतो. तीस वर्षांपूर्वी वार्षिक पगार 2,40,000 असेल, तर त्या वर्षाची पेन्शन 4,000.

महागाई 4 टक्के धरून ती वाढवली, तर निवृत्तीला सुमारे 12,970 होते, खरेदीशक्ती टिकते. सरासरी वेतनवाढ 6 टक्के धरली, तर सुमारे 22,970. फरक चक्रवाढीचा आहे, म्हणून तरुणपणीच्या वर्षांना तो सर्वात जास्त जाणवतो. मला वेतनाशी जोडलेली पद्धत न्याय्य वाटते, पण ती महाग असते. त्यामुळे साठाव्याऐवजी ऐंशीवा हिस्सा मिळत असेल, तर तेच वर्ष सुमारे 17,230 वर येतं. आणि वेतनवाढ महागाईपेक्षा मागे पडली, तर हीच पद्धत तोट्याची ठरते.

नोकरी मध्येच सोडणाऱ्यांसाठी पुनर्मूल्यांकनाचा दर वेगळा असू शकतो. तो नियमांत आधी पाहा.