पहिला पगार, ५ तारखेची आपोआप बचत: काही महिन्यांचा अनुभव

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि पीएफ वगैरे कापून हातात २४,००० रुपये येऊ लागले. खोलीचा वाटा ५,०००, जेवण ५,०००, घरी ४,०००, पेट्रोल २,०००, फोन आणि किरकोळ १,०००. म्हणजे १७,००० ला पर्याय नव्हता. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा एवढाच खर्च बाजूला हवा, म्हणून ५१,००० चं लक्ष्य धरलं. उरलेल्या ७,००० पैकी ४,००० दुसऱ्या बँकेतल्या खात्यात दरमहा आपोआप जातात. त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि त्याचं कार्ड घरी आईकडे असतं. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

तारीख मात्र नीट ठरवावी लागते. पगार १ तारखेला येतो, तरी मी ५ तारीख दिली, कारण सुट्टी आली की पगार मागेपुढे होतो. एका महिन्यात तो ७ तारखेला आला. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे हप्ता गेला नाही आणि माझ्या बँकेने तो स्वतःहून पुन्हा पाठवलाही नाही. एसएमएस वाचला म्हणून कळलं. त्या महिन्याचे पैसे हाताने पाठवले. म्हणून ६ तारखेला दुसऱ्या खात्यातली शिल्लक बघावीच. अ‍ॅपमध्ये हप्त्यांची संख्या किंवा शेवटची तारीख भरावी लागते, तीही लक्षात ठेवा. ती उलटली की हप्ते गुपचूप बंद पडतात.

गणपतीच्या चवथीचा खर्च या निधीतून करायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. चवथ दरवर्षी येणारच, ती अडचण नव्हे. माटोळीचं सामान, फटाके, गावची ये-जा आणि स्कूटरचा विमा यांसाठी महिन्याला १,००० वेगळे जातात. उरलेले २,००० माझे, त्यांचा हिशेब मी ठेवत नाही.

जुलैच्या पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात स्कूटर बंद पडली. गॅरेजवाल्याने इंजिन ऑइल काढलं, तर ते दुधाळ चहासारखं दिसत होतं, म्हणजे पाणी आत गेलं होतं. ३,८०० रुपये झाले. शिफ्ट रात्री सुटते, तेव्हा परतीला बस मिळत नाही. त्यामुळे ही खरीच गरज होती. २४,००० जमले होते, त्यातून दिले. कुणाकडे उसने मागावे लागले नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं.

राहिलेल्या २०,२०० पैकी १०,००० ची मुदत ठेव केली, बाकी बचत खात्यातच. पुढेही १०,००० च्याच वेगवेगळ्या ठेवी करणार आहे. वेळेआधी मोडली तर मुद्दल सुरक्षित राहतं, व्याज थोडं कापलं जातं, आणि गरजेपुरती एकच ठेव मोडता येते. कंत्राटी नोकरी असेल तर मात्र तीन महिन्यांवर थांबू नका; माझ्या मते तिथे सहा महिन्यांचा खर्च हवा.