कॉफीचा डाग: व्हिनेगर की खायचा सोडा?

कपड्याला व्हिनेगर, कपाला सोडा, आणि दातांना व्हिनेगर कधीच नाही. व्हिनेगर आम्ल आहे, ते डाग सैल करतं. सोडा मुख्यतः घासून काढतो. त्यामुळे डाग एकच असला तरी खाली काय आहे, त्यावर निवड ठरते.

पांढऱ्या सुती शर्टावर दुधाची कॉफी सांडली आहे असं धरा. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. चोळलंत तर डाग पसरतो. मग शर्ट उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे कॉफी आली त्याच वाटेने बाहेर पडते. गरम पाणी आत्ता नको, त्याने दुधातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. दुधाच्या स्निग्धतेसाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाने हलके लावून धुवा. तरीही पिवळट कडा दिसली, तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी एकत्र करून डागावर घाला, दहा मिनिटं ठेवा आणि खळबळून काढा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का होतो. सोडा इथे कमी पडतो, कारण तो घासावा लागतो आणि घासल्याने सुताचा पोत विसकटतो. रेशीम आणि लोकर यांना तर तो लावूच नये. पांढऱ्या कपड्याला क्लोरीनचं ब्लीच लावलं असेल, तर त्यावर व्हिनेगर ओतू नका, विषारी वायू सुटतो.

कपाचं काम सोपं. चमचाभर सोड्यात थेंब थेंब पाणी घालून दाट लेप करा आणि ओल्या फडक्याने गोल गोल घासा. सोडा कपावरच्या चकचकीत थरापेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. तारेच्या घासणीने मात्र करड्या रेघा उठतात. घासूनही केसासारख्या बारीक तपकिरी रेषा उरल्या, तर त्या चकचकीत थरालाच तडे गेलेत आणि डाग त्यांच्या आत शिरलाय. तिथे लेप पोहोचत नाही.

दातांवर सोडा चालतो, पण जपून: ओल्या मऊ ब्रशवर चिमूटभर, हलक्या हाताने, आणि नेहमीच्या फ्लोराइडच्या पेस्टऐवजी नव्हे. तो वरवरचाच डाग काढतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावल्यावर दात उजळ वाटतात, पण आम्लाने एनॅमल विरघळतं आणि ते परत येत नाही. लिंबू-सोड्याचा लेपही नको. फसफसताना दोघं एकमेकांना निकामी करतात, आणि लिंबू जास्त झालं तर आम्ल उरतंच. हिरडीलगतचा तपकिरी थर खरखरीत लागत असेल, तर ते किटण आहे. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं.