लेकराचं उष्टं दूध: आईचं काढलेलं किती वेळ चालतं, डब्याचं किती

दिवाळी झाली की कापसाच्या वेचणीला माणूस मिळत नाही. बाळंतीण बाई चौथ्या महिन्यातच वावरात जायला निघते आणि पोट्टं घरी आजीजवळ राहतं. मग एक दिवस ती उपकेंद्रात येऊन विचारते, "सिस्टर, दूध काढून ठेवू का डब्याचं सुरू करू?" मी यवतमाळ जिल्ह्यात नर्स म्हणून काम करते. या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी दुसऱ्या प्रश्नाने देते: लेकरानं अर्धं पिऊन अर्धं सोडलं, तर तुमच्या घरी त्या उरलेल्याचं काय होतं?

कारण दोन्ही दुधांमधला रोजच्या वापरातला खरा फरक इथेच दिसतो. पूर्ण वाटी पिऊन झोपणारं लेकरू असेल तर दोन्ही सारखीच सोपी. पण चार महिन्यांचं पोट्टं कधी ८० मिलिलिटर पितं, कधी ३० वर तोंड फिरवतं. उरलेलं दूध आजी वाटीवर ताटली ठेवून चुलीच्या कठड्यावर सरकवते आणि पुढच्या रडण्याला तेच पाजते. उष्ट्याचा आपल्याकडे केवढा विटाळ, पण "लेकराचं कुठं उष्टं असते व माय!" हे वाक्य मी दर घरात ऐकलं आहे. या एका बाबतीत मात्र उष्टं म्हणजे उष्टंच.

बाटलीने पाजताना लेकरू चोखतं, थांबतं, सोडतं. प्रत्येक वेळी थोडं दूध लाळेसह बुचातून परत आत जातं. वाटी-चमच्यात तोच चमचा तोंडातून वाटीत येतो. बोंडल्यानं पाजलं तर लाळ कमी जाते, पण जाते. लाळेबरोबर तोंडातले जंतू दुधात उतरतात. कोमट दूध, साखर आणि प्रथिनं त्यांना आयती मिळतात. अनुकूल उबेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे तासाभरात ८, दोन तासांत ६४, आणि चार तासांत ४,०९६.

इथपर्यंत दोन्ही दुधं सारखी. पुढे वेगळी होतात. आईच्या दुधात जंतूंना अडवणारे घटक असतात: संरक्षक पेशी, आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं, जंतूंचं कवच फोडणारी आणि त्यांच्यापासून लोह हिरावून घेणारी प्रथिनं. त्यामुळे लाळ पडली तरी जंतूंची वाढ काही काळ रेंगाळते. डब्याच्या दुधात पोषण आहे, पण हा पहारा नाही. शिवाय पावडर निर्जंतुक नसते. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत तग धरून राहू शकतो आणि पाणी मिळालं की जागा होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ च्या मार्गदर्शनात पावडर किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायला सांगितलं आहे. आपल्या भाषेत, पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, आणि कालवल्यावर भांडं थंड पाण्यात धरून पिण्याजोगं कोमट करायचं. बहुतेक घरांत मात्र पाणी आधी पूर्ण निववतात आणि मग पावडर टाकतात. तिथेच चूक होते.

आता तास. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सल्ल्यानुसार, डब्याचं दूध बनवल्यापासून दोन तासांत आणि पाजायला सुरुवात केल्यापासून एका तासात संपलं पाहिजे. या दोहोंत जे आधी येईल ते धरायचं. उरलं तर फेकायचं, फ्रिजमध्येही ठेवायचं नाही. थंडीत जंतू मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. आईचं काढलेलं दूध मात्र पिऊन थांबल्यापासून दोन तासांपर्यंत चालतं.

नीट पाहा, दोन्हींचं घड्याळ वेगवेगळ्या क्षणी सुरू होतं. डब्याच्या दुधाचं पहिल्या घोटाला, आईच्या दुधाचं शेवटच्या घोटाला. रेंगाळत पिणाऱ्या लेकराच्या घरी हा फरक फार मोठा पडतो.

एक सकाळ घेऊ. डिसेंबर आहे, मातीच्या घरात गारवा आहे. आईनं साडेआठला ९० मिलिलिटर दूध काढलं आणि उकळून घेतलेल्या दोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवलं: एकात ६०, दुसऱ्यात ३०. नऊला ती वेचणीला गेली. सव्वादहाला लेकरू उठलं. आजीनं पहिला डबा वाटीत ओतला. लेकरानं ४० घेतलं, दहा पस्तीसला तोंड मिटलं, २० उरलं. हे उष्टं १२:३५ पर्यंत चाललं असतं. पण ताजं काढलेलं, न उष्टावलेलं दूधही २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तासच ठेवायचं असतं, म्हणजे साडेबाराला तीही मर्यादा संपते. मग साडेबारा धरायचं. दुसरा डबा अजून अस्पर्श आहे, त्यालाही साडेबारापर्यंत वेळ आहे. लेकरू साडेअकराला रडलं तर आधी उरलेलं २० पाजा, मग दुसरा डबा उघडा. एक वाजता आई जेवायला येते. बहुधा काहीही वाया जात नाही.

तीच सकाळ डब्याच्या दुधाची. आजीला सोयीचं जावं म्हणून सुनेनं जाण्याआधी नऊलाच ६० मिलिलिटर कालवून ठेवलं. आजीनं १०:२० ला पाजायला घेतलं. पहिल्या घोटापासून एक तास म्हणजे ११:२०, पण बनवल्यापासून दोन तास म्हणजे ११. म्हणून ११ लाच उरलेलं २० सांडायचं. साडेअकराला लेकरू रडलं तर पुन्हा पाणी उकळा, पुन्हा पावडर. आजीला गॅस पेटवता येत नसेल, हात कापत असतील, तर ही साखळी तिथेच तुटते. मग ती जुन्यातच थोडं नवं मिसळते. असं कधीच करू नये: जुन्यातले जंतू नव्या दुधात जातात आणि नव्याचा वेळही जुन्याइतकाच उरतो.

"सिस्टर, पावडर लय महाग आहे, वीस मिलि फेकू काय?" हे मला सासवांपेक्षा सासरे जास्त विचारतात. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा लिहिलेला असतो (तुमच्या डब्यावरचं वाचा, माप बदलू शकतं). म्हणजे फेकलं ते एका चमच्याहून कमी. बचत करायची तर फेकण्यावर नको, बनवण्यावर करा. आधी ३० चंच बनवा. संपलं आणि लेकरू मागतच असेल तर पुन्हा ३० बनवा. मात्र पाणी वाढवून पातळ करू नका. त्यात पोट भरतं, वजन वाढत नाही.

आईच्या दुधालाही हीच युक्ती जास्त उपयोगी पडते. सगळं एका डब्यात ठेवून त्यातच चमचा घालू नका. डब्यातून स्वच्छ वाटीत थोडं ओता, वाटीतून पाजा, डब्याला झाकण लावा. उष्टी होते ती फक्त वाटी, डबा नाही. ज्या घरात हे पाळलं जातं तिथे फेकायचं दूध दोन-चार चमच्यांवर येतं. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मिलिलिटरच्या खुणांचं झाकण उकळून घेतलं तर माप बरोबर येतं.

पण हे सगळं डिसेंबरचं झालं. एप्रिल-मे मध्ये तेंदूपत्त्याच्या हंगामात टिनाच्या छपराखाली घर भट्टीसारखं तापतं, चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर ४५ अंश असतात. चार तासांची मर्यादा २५ अंशांसाठी आहे, अशा खोलीसाठी नाही. २७ ते ३२ अंशांतही चार तास ही शेवटची मर्यादा धरतात. त्याहून तापलेल्या खोलीत माझा सल्ला सरळ आहे: डब्याचं दूध बनवलं की लगेच पाजा, लेकरानं तोंड फिरवलं की सांडा. आईच्या उष्ट्या दुधालाही दोन तास देऊ नका, त्याच बैठकीत संपवा. काढलेलं अस्पर्श दूध फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते चार दिवस टिकतं, आणि लाइन गेली तरी दार न उघडता साधारण चार तास गारवा राहतो. फ्रिज नसेल तर काढून ठेवण्याऐवजी बाईनं मधल्या सुट्टीत घरी येणं किंवा आजीनं लेकरू वावराच्या कडेला नेणं जास्त बरं.

माठाचं काय, हा प्रश्न येतोच. कोरड्या मे मध्ये माठाचं पाणी खरंच गार होतं, कारण हवा भरभर पाणी ओढते. झाकणाचा डबा माठाच्या पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकलं तर दूध तापत्या खोलीपेक्षा बरंच थंड राहील. पण माठ म्हणजे फ्रिज नव्हे. फार तर गार खोलीचे चार तास त्यानं परत मिळतील, तेही अस्पर्श दुधाला. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच माठ निरुपयोगी ठरतो. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा, चालेल. बनवलेलं दूध ठेवलंत, तर जंतूंसाठी उबवणीची पेटीच तयार केलीत.

वास घेऊन ठरवू नका. आईचं दूध ठेवलं की मलईचा थर वर येतो, कधी साबणासारखा वास येतो. दोन्ही स्वाभाविक आहेत, हलकेच फिरवलं की थर मिसळतो. उलट डब्याच्या दुधात पोट बिघडवण्याइतके जंतू झाले तरी ते फाटलेलं दिसत नाही की आंबट लागत नाही. आजीनं बोटानं चाखून "चांगलं हाय" म्हटलं, तर कळतं ते फक्त चव, आणि बोटाचे जंतूही दुधात जातात. परत उकळूनही काम भागत नाही, काही जंतूंनी सोडलेलं विष उकळल्यावरही टिकतं.

हे तास पूर्ण दिवसांच्या, निरोगी लेकरासाठी आहेत. आधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात लेकरांच्या खास कक्षातून घरी आलेलं लेकरू असेल तर दोन्हींपैकी कुठलंही उष्टं ठेवू नका. आणि लेकरू अंगावर पिणं सोडून देत असेल, मलूल पडलं असेल, वारंवार ओकत असेल किंवा पातळ शी होऊन डोळे आत गेले असतील, तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करा.

मग मी कोणाला काय सांगते? ज्या घरी आई सकाळी एकदा दूध काढू शकते आणि दुपारी घरी येते, तिथे आईचंच दूध, दोन डब्यांत. ज्या आईला दूध काढता येत नाही किंवा डॉक्टरांनी काही कारणानं थांबवलं आहे, तिथे डब्याचं, पण गरम पाणी करणारा माणूस घरी असेल तरच, आणि एका वेळी ३० मिलिलिटर.

एका आजीनं घड्याळाचा प्रश्न स्वतःच सोडवला. तिला काटे वाचता येत नाहीत. सून पाजायची वेळ सांगून जायची आणि आजी एसटीवर हिशेब बांधायची. साडेदहाची गेली की डब्याचं दूध पाजायला घ्यायचं, साडेअकराची आली की वाटी सांडायची. एकदा गाडी अर्धा तास उशिरा आली. आजीनं ती यायच्या आधीच वाटी सांडून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, "गाडीचा भरवसा नाई म्हणून फेकलं, दुधाचा त नाईच नाई."