साठ्याचा तक्ता: नासाडी वजाबाकीत सोडावी की वेगळी लिहावी?

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात रोजच्या साठ्याचा तक्ता ठेवायचे ठरले की मालकापुढे दोन पद्धती असतात. पहिलीत आरंभीचा साठा, दिवसाची खरेदी आणि रात्रीचा अखेरचा साठा एवढेच लिहिले जाते. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला की त्या दिवसाचा खप मिळतो. दुसरीत नासाडीचा रकाना स्वतंत्र असतो आणि तो माल टाकला त्याच क्षणी वजन व कारण लिहून भरला जातो. शिवाय विकल्या गेलेल्या प्लेटींना ठरलेल्या प्रमाणाने गुणून अपेक्षित खपही मांडला जातो.

दोहोंतला फरक पनीरच्या एका दिवसावरून नीट दिसतो.

| तपशील | किलो |
|---|---|
| आरंभीचा साठा | 4.20 |
| खरेदी | 10.00 |
| अखेरचा साठा | 3.10 |
| प्रत्यक्ष खप | 11.10 |
| नोंदलेली नासाडी | 0.60 |
| विक्रीनुसार अपेक्षित खप | 9.96 |
| न जुळणारा फरक | 0.54 |

पहिल्या पद्धतीचा तक्ता 11.10 या आकड्यापाशी थांबतो. हा आकडा बरा की वाईट, हे त्यातून कळत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या ताटात गेलेले, आंबून टाकलेले आणि जास्त वाढलेले पनीर त्यात एकत्रच असते. दुसऱ्या पद्धतीत त्या दिवशी पनीर मसाल्याच्या 42 प्लेटी 150 ग्रॅमने, पालक पनीरच्या 20 प्लेटी 120 ग्रॅमने आणि टिक्क्याच्या 7 प्लेटी 180 ग्रॅमने धरल्या, तेव्हा अपेक्षित खप 9.96 किलो आला. नासाडी वजा जाता 540 ग्रॅम उरले, म्हणजे 69 प्लेटींमागे प्रत्येकी जेमतेम 8 ग्रॅम. हाताने अंदाजे टाकणाऱ्या कारागिराकडून एवढे सहज जाते. अर्थात एका दिवसाच्या आकड्यावरून त्याला बोल लावणे अन्यायाचे आहे.

आठवडाभराचे फरक एकाखाली एक ठेवले की कारणाचा माग लागतो. फरक रोज थोडा, जवळपास सारखा आणि एकाच दिशेने असेल, तर प्रमाण सुटलेले असते किंवा कामगारांच्या जेवणाला गेलेला माल लिहिला जात नसतो. आज वाढ आणि उद्या तेवढीच तूट दिसली, तर माल कुठेही गेलेला नसून मोजणी चुकलेली असते. बहुधा पहाटे आलेला माल अखेरच्या साठ्यातही धरला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या खरेदीतही. एकाच दिवशी मोठी तूट आली, तर आधी बिलातले वजन काट्यावर पडताळलेले होते का, हे पाहावे.

दुसऱ्या पद्धतीत एक चूक मात्र फार होते. टाकलेला माल रात्री मोजायला फ्रीजमध्ये नसतोच, त्यामुळे 11.10 किलोमध्ये नासाडी आधीच आलेली असते. ती पुन्हा मिळवून 11.70 लिहिले, तर तोच माल दोनदा वाया गेल्याचे दिसते. तसेच कांद्याची साले आणि कोथिंबिरीचे देठ नासाडीत लिहू नयेत. ती घट प्रमाण ठरवतानाच धरावी, नाहीतर खऱ्या नासाडीचा आकडा सालांखाली झाकला जातो.

मोजणीचा खरा त्रास दोन्ही पद्धतींत सारखाच आहे, कारण रात्री माल फक्त कोठीत नसतो. मॅरिनेट केलेले चिकन, अर्धी उरलेली ग्रेव्ही आणि भिजवलेली मटकी हाही अखेरचा साठाच आहे. कोरडी मटकी आणि भिजून जड झालेली मटकी एकाच रकान्यात लिहिली, तर आकडे कधीच जुळत नाहीत. म्हणून तयार माल कच्च्या वजनात परत आणून लिहावा लागतो, आणि त्याआधी पातेल्याचे वजन वजा करावे लागते. हे काम थकलेल्या माणसाने साडेअकरा वाजता करायचे असते, हे मालकाने विसरू नये.

म्हणूनच माझे मत असे आहे की चार-पाच पदार्थांचे मिसळीचे दुकान असेल, माल रोज ताजा येऊन रोजच संपत असेल, तर पहिली पद्धत पुरेशी आहे. मेनू मोठा असेल, तर दुसरीच घ्यावी, पण सगळ्या मालाला लावू नये. पनीर, चिकन, मासळी, लोणी, तेल अशा आठ-दहा महागड्या किंवा लवकर नासणाऱ्या वस्तू रोज दुसऱ्या पद्धतीने मोजाव्यात आणि मीठ, मसाले, डाळी आठवड्यातून एकदा पहिल्या पद्धतीने. दीडशे वस्तूंचा तक्ता रोज भरायला लावला, तर काही दिवसांत माणसे न मोजता कालचाच आकडा थोडा फिरवून लिहू लागतात. सलग तीन रात्री अखेरचा साठा नेमका पूर्ण किलोतच दिसला, तर त्या रात्री काटा वापरलाच नाही असे धरून स्वतः जाऊन वजन करावे.