दहा रुपयांची पुडी की कमी तिखट चटणी? आपलाच माल आपल्या मालाला खातो तेव्हाचा हिशोब

कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो. समजा, अशी चटणी २०० ग्रॅमच्या पाकिटात विकणारा एक कारखाना आहे. वर्षाला ६०,००० किलो माल जातो. व्यापाऱ्यांचं कमिशन वजा करून किलोमागे ४०० रुपये हातात येतात. मिरची, कांदा, तेल, पॅकिंग, वाहतूक असा मालाबरोबर वाढणारा खर्च २५० रुपये, म्हणजे किलोमागे १५० रुपये सुटतात. मालकापुढे दोन प्रस्ताव आहेत आणि पैसा एकाच्याच पुरता आहे. आकडे मी बेतलेले आहेत, पण असे प्रस्ताव साधारण याच घडणीचे असतात.

पहिला प्रस्ताव पुडीचा: तीच चटणी, २० ग्रॅम, दहा रुपयांना. पुडीला किलोमागे कागद जास्त लागतो आणि दुकानदार कमिशनही जास्त मागतो, त्यामुळे किलोमागे ९० रुपयेच सुटतात. वर्षाला २०,००० किलो खपेल असा अंदाज आहे. पुडी भरायच्या यंत्राला आणि बाकी तयारीला २० लाख लागतील.

दुसरा प्रस्ताव बेडगी मिरचीच्या चटणीचा: रंग लालभडक, तिखटपणा कमी, लहान मुलं असलेल्या घरांसाठी. भाव चढा असल्याने किलोमागे १९० रुपये सुटतात. अंदाज १०,००० किलोचा. यंत्र आहे तेच चालेल. छपाईचे सिलिंडर, सुरुवातीचा साठा वगैरे मिळून ८ लाख, आणि पाच वर्षं दरवर्षी ३ लाखांची जाहिरात.

विक्री विभाग जो कागद पुढे ठेवतो त्यात पुडीचे वर्षाला १८ लाख दिसतात आणि बेडगीचे जाहिरात वजा जाता १६ लाख. दोन्ही भरघोस. पण पुडी घेणारं गिऱ्हाईक कालपर्यंत आपलंच पाकीट घेत असेल, तर त्या पाकिटावर सुटणारे पैसे गेले. ते वजा केल्याशिवाय प्रस्तावामुळे जास्तीचं काय आलं हे कळत नाही. याला कॅनिबलायझेशन म्हणतात. नाव भयंकर असलं तरी हिशोब गुणाकार-वजाबाकीचाच आहे.

समजा, पुडीच्या २०,००० किलोंपैकी ८,००० किलो जुन्या पाकिटाच्या वाट्याचे आहेत, म्हणजे ४० टक्के. बेडगी चटणी त्याहून जास्त खाते: १०,००० पैकी ६,००० किलो, ६० टक्के. नुसते टक्के पाहिले तर बेडगी वाईट वाटते. बहुतेक चर्चा इथेच अडकते, आणि इथेच ती चुकते.

किती खाल्लं यापेक्षा जे खाल्लं त्यावर काय सुटत होतं आणि त्याच्या जागी जे आलं त्यावर काय सुटतं, हे बघायचं असतं. पुडीचा एक किलो ९० रुपये आणतो आणि खाल्लेला एक किलो १५० रुपये नेतो. म्हणजे ६० टक्क्यांच्या वर खाल्लं की पुडी विकून घरचेच पैसे जातात, यंत्राचा खर्च तर वेगळाच. बेडगीचा किलो १९० आणतो आणि १५० नेतो. किलोला किलो गेला तरी ४० रुपये पदरात पडतात. आठ हजार किलो गेल्याने पुडीच्या १८ लाखांतून १२ लाख जातात आणि ६ उरतात. बेडगीच्या १६ लाखांतून ९ लाख जातात आणि ७ उरतात.

हे सगळं किलोत मोजायचं, गिऱ्हाईकांत नाही. महिन्याला २०० ग्रॅमचं पाकीट नेणारी बाई पुड्यांवर आली की लागेल तशी घेते, आणि महिन्याकाठी पाचच पुड्या होतात. तिथे १०० ग्रॅम नव्याने २०० ग्रॅम जुनं खाल्लं. उलट कमी तिखट चटणी चमचाभर जास्त पडते. ‘इतके टक्के गिऱ्हाईक वळेल’ अशा अंदाजात हे दोन्ही निसटतं.

पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा मोलाचा नसतो, म्हणून पाच वर्षांचे पैसे वर्षाला १४ टक्क्यांनी आजच्या किमतीला आणले, तर पाच वर्षं दरवर्षी येणाऱ्या एकेका लाखाचे मिळून आज साधारण ३.४३ लाख होतात. आयकर बाजूला ठेवतो. तो गमावलेल्या नफ्यावरही वाचतो, एवढं लक्षात असलं की झालं. पुडीचे ६ लाख आज २०.६ लाख होतात आणि २० लाखांची गुंतवणूक वजा करून जेमतेम ६० हजार उरतात. बेडगीचे ७ लाख आज २४ लाख होतात आणि ८ वजा जाता १६ लाख उरतात. निकाल लागला असं वाटतं. पण अजून लागलेला नाही.

कारण आपण गृहीत धरलं की पुडी काढली नाही तर ते ८,००० किलो जुन्या पाकिटातच राहतील. शेजारच्या कंपनीची दहा रुपयांची पुडी दुकानाच्या दोरीवर आधीच लटकत असेल, तर ते राहणार नाहीत. निरमाने स्वस्त पावडरीचा बाजार उभा केल्यावर हिंदुस्तान लिव्हरने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील आणली, तेव्हाचा पेच हाच होता. व्हील सर्फचा थोडा धंदा खाईल हे उघड होतं, पण निरमाकडे निघालेलं गिऱ्हाईक सर्फच्या खात्यात मोजत बसण्यात अर्थ नव्हता. तुलना ‘पुडी काढली’ आणि ‘पुडी काढली नाही’ अशा दोन उद्यांची करायची असते. गेल्या वर्षाशी तुलना केली की पुडीच्या माथी नको तेवढं नुकसान लागतं.

म्हणून ८,००० पैकी जे ३,००० किलो तसेही परक्या पुडीकडे गेले असते, त्यांचा भार आपल्या पुडीवर टाकायचा नाही. मग नुकसान १२ ऐवजी साडेसात लाखांचं होतं आणि वर्षाला १०.५ लाख उरतात. आजच्या किमतीत, गुंतवणूक वजा जाता, १६ लाख. बेडगीच्या बरोबरीला. कमी तिखट चटणी या भागात दुसरं कोणी विकत नाही असं धरलं आहे, म्हणून बेडगीला अशी सवलत देता येत नाही.

| आजच्या किमतीत, गुंतवणूक वजा जाता | पुडी | बेडगी |
|---|---|---|
| जुन्या मालाचं नुकसान धरलंच नाही | ४१.८ लाख | ४६.९ लाख |
| सगळं नुकसान धरलं | ०.६ लाख | १६ लाख |
| तसंही गेलं असतं तेवढं सोडून | १६ लाख | १६ लाख |

म्हणजे सगळा निर्णय एका आकड्यावर येऊन थांबतो: परका किती नेणार होता? ३,००० किलोहून जास्त, तर पुडी पुढे. कमी, तर बेडगी. हाच आकडा सोयीने फुगवायला सर्वात सोपा असतो. ‘नाहीतर तो खाणारच होता’ हे वाक्य ज्याला पुडी हवी आहे तो म्हणतोच, आणि कोणी पुरावा मागत नाही. शिवाय गळती पहिल्या दिवसापासून पूर्ण नसते. पहिल्या वर्षी काहीच नाही, मग दरवर्षी दीड-दीड हजार किलोंनी वाढत पाचव्या वर्षी ६,००० झाली, तर सरासरी ३,०००च येते. पण पैसे उशिरा वाचतात, आणि पुडीचे १६ लाख १४ वर येतात.

हा आकडा बसल्या जागी ठरवण्यापेक्षा एका तालुक्यात थोडी पुडी सोडून बघावी आणि तसाच दुसरा तालुका पुडीशिवाय ठेवावा. समजा, गडहिंग्लजला पुडी दिली आणि कागलला नाही. गडहिंग्लजला महिन्याला ४०० किलो पुडी गेली आणि पाकिटाची विक्री १,००० वरून ८४० किलोवर आली. १६० किलो गेले, ४० टक्के. पण कागललाही, पुडी नसताना, १,०००चे ९४० झाले. ते ६० किलो आपल्या पुडीने खाल्लेलेच नाहीत. उरले १००, म्हणजे २५ टक्के. २०,००० किलोवर हे प्रमाण लावलं की ५,००० किलो, आपल्या हिशोबातलेच.

इथे हमखास होणारी चूक अशी: हे २५ टक्के घेऊन कोणीतरी त्यातून पुन्हा ‘परका नेणार होता’ म्हणून वजावट करतो. कागलच्या आकड्यात ती आधीच झालेली असते. अर्थात परक्याची पुडी दोन्ही तालुक्यांत सारखीच मिळत असली पाहिजे. कागलला ती पोचलीच नसेल तर तुलना फसते.

चाचणी कधी घेतली हेही बघा. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या कांडपाला जातात, वर्षाची चटणी डब्यात भरली जाते आणि पाकिटांची विक्री बसते. मार्च ते मेमध्ये घेतलेल्या चाचणीत ही घट पुडीच्या नावावर लागू शकते. दुसरा तालुका काही प्रमाणात वाचवतो, पण आकडे लहान असले की तोही डगमगतो. पहिल्या महिन्याची पुडीची विक्री तर सोडूनच द्यावी. ती दुकानदारांनी भरलेला साठा असते, घरात गेलेला माल नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळची मागणी किती आली तेवढीच धरावी.

मला कोणी विचारलं तर मी दोघांची चुकीला असलेली जागा बघेन. पुडीने २५ऐवजी ४१ टक्के खाल्लं की यंत्राचे २० लाख निघत नाहीत. बेडगीचा अंदाज ६० टक्क्यांचा आहे आणि ती ९१ टक्क्यांपर्यंत तग धरते. शिवाय अडकतात ८ लाखच. बरोबरीच्या निकालात मी बेडगी घेईन. कागलसारख्या तालुक्यात महिन्यामागून महिने पाकीट खाली येताना दिसत असेल तर मात्र पुडी, आणि तीही लवकर, कारण पाचव्या वर्षी काढलेल्या पुडीला परत आणायला गिऱ्हाईक उरलेलं नसतं.

पुढे पैसा झाला आणि दोन्ही काढायचं ठरलं, तरी या दोन १६ लाखांची बेरीज ३२ होत नाही. दहा रुपयांत चटणी मिळायला लागली की बेडगीच्या पाकिटाकडे वळू शकणारं एखादं घर पुडीवरच थांबतं. आणि बेडगीची पुडी कधी काढणार, हे दुकानदार पहिल्याच महिन्यात विचारतो.